रिजेक्ट केलेल्या रेझ्युमेंमधून किती चांगले उमेदवार सुटले, ते कसं मोजायचं

प्रश्न: पुण्यात ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर कंपनीत रिक्रूटमेंट बघते. एम्बेडेड इंजिनिअरच्या जागांसाठी ढिगानं रेझ्युमे येतात आणि ९०% च्या वर स्क्रीनिंगलाच बाद होतात. आता मॅनेजर विचारतायत की चांगले लोक सुटत नाहीत हे कशावरून? रिजेक्ट झालेल्यातले थोडे परत वाचून बघावं म्हणतेय, पण किती वाचायचे, कसे निवडायचे आणि त्यावरून आकडा कसा काढायचा?

उत्तर:

दिशा बरोबर आहे तुमची. आलेल्या लोकांत कोण चुकीचा आला ते इंटरव्ह्यूमध्ये आपोआप कळतं, पण बाद केलेल्यात कोण चांगला होता ते कधीच कळत नाही, कारण तो माणूस परत तुमच्यासमोर येतच नाही. म्हणून तो ढीग मुद्दाम उघडायलाच लागतो. अमेरिकेत कोर्टाच्या केसेससाठी लाखो कागद चाळतात ना, तिथे हेच करतात, बिनकामाचे म्हणून बाजूला टाकलेल्या कागदांतून रँडम नमुना काढून वाचतात आणि कामाचे किती सुटले ते बघतात, त्याला एल्यूजन टेस्ट म्हणतात. तुमचं काम अगदी तेच आहे.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, आकडे गणित सोपं जावं म्हणून मी घेतलेत. समजा तीन महिन्यांत एम्बेडेडच्या जागेसाठी २,००० अर्ज आले, १६० पुढे गेले आणि १,८४० रिजेक्ट झाले.

आधी ती १,८४० ची यादी पूर्ण आहे का ते बघा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं फसतं. एटीएसमध्ये रिजेक्टेड फिल्टर लावला की बरेचदा फक्त रिक्रूटरनं हातानं बाद केलेले दिसतात, फॉर्ममधल्या प्रश्नांवर सिस्टीमनं आपोआप उडवलेले वेगळ्या स्टेटसमध्ये पडलेले असतात, आणि जॉब पोर्टलवरच फिल्टर लावून जे डाउनलोडच केले नाहीत ते तर एटीएसमध्ये आलेलेच नसतात. हे तिन्ही एकत्र आणा. मग डुप्लिकेट काढा, एकच माणूस पोर्टलवरून, रेफरलमधून आणि कन्सल्टंटकडून असा तीनदा आलेला असतो, मोबाईल नंबर आणि ईमेलवरून जुळवा. ज्यांनी स्वतःहून नाही सांगितलं ते यादीतून बाहेर काढा, ते रिजेक्ट नव्हेत. आणि प्रत्येक ओळीसमोर रिजेक्ट होण्याचं कारण लिहिलेलं पाहिजे, नसेल तर निदान कुठल्या पायरीला गेला एवढं तरी.

आता नमुना. एक्सेलमध्ये शेजारच्या कॉलममध्ये `=RAND()` टाका, तो कॉलम कॉपी करून तिथेच व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा, नाहीतर प्रत्येक क्लिकला आकडे बदलत राहतात आणि नंतर कुणी विचारलं की हेच का निवडले तर दाखवायला काही उरत नाही. त्यावर सॉर्ट करून वरचे २०० घ्या. तुम्ही स्वतः "चाळून बरे वाटले ते" असे निवडू नका, शेवटच्या आठवड्यातलेच घेऊ नका आणि नावाच्या अक्षरानुसार पहिले २०० तर नकोच.

२०० च का? ५० वाचलेत आणि एकही चांगला सापडला नाही तर लोक खुश होतात की स्क्रीनिंग चोख आहे. पण नमुन्यात शून्य सापडले की खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं त्याचा सोपा अंदाज आहे, ३ ला नमुन्याच्या संख्येनं भागायचं. ५० मध्ये शून्य म्हणजे खरं प्रमाण ६% पर्यंत असू शकतं, आणि १,८४० चे ६% म्हणजे ११० माणसं. २०० मध्ये शून्य आले तर तीच वरची मर्यादा १.५% वर, म्हणजे साधारण २८ माणसांवर येते. त्याहून जास्त वाचले तर अर्थात बरंच, पण वाचणाऱ्याचा वेळ बघायला लागतो.

वाचण्याची पद्धत सगळ्यात महत्त्वाची आहे. वाचणाऱ्याला "हे रिजेक्ट झालेले आहेत, काही सुटलंय का बघ" असं सांगितलंत की निकाल तिथेच बिघडला. कुणी जुन्या निर्णयावर शिक्का मारतो तर कुणी चूक शोधायचीच म्हणून ओढूनताणून चांगलं शोधतो. म्हणून २०० रिजेक्टमध्ये पुढे गेलेल्या १६० पैकी ४० रँडम मिसळा, स्टेटस काढून टाका, नाव, फोटो, पत्ता झाका, २४० चा क्रम विस्कटून द्या. वाचणारे दोघं ठेवा, दोघंही एम्बेडेडवर काम करणारे सिनिअर इंजिनिअर, आणि ज्यांनी मूळ स्क्रीनिंग केलं त्यातलं कुणी नको. दोघांनी एकमेकांशी न बोलता वाचायचं. एका रेझ्युमेला चार मिनिटं धरली तर प्रत्येकाचे १६ तास जातात, म्हणजे कामाचे पूर्ण दोन दिवस, हा वेळ मॅनेजरकडून आधीच मागून घ्या, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत घाईनं वाचलेलं काही कामाचं नसतं.

आणि वाचायला सुरुवात करायच्या आधी "हो" म्हणजे काय ते कागदावर लिहून घ्या. "चांगला उमेदवार" असं लिहून चालत नाही. ह्या जागेसाठी असं लिहिता येईल: सी मध्ये मायक्रोकंट्रोलरवर निदान दोन वर्षं स्वतः कोड लिहिलाय, कॅन किंवा लिन अशा बसवर काम केलंय, निदान एका प्रोजेक्टमध्ये त्याचा स्वतःचा वाटा नेमका काय होता ते कळतंय. तिन्ही असतील तर पहिल्या टेक्निकल राउंडला बोलवायचं, म्हणजे "हो". मार्क, नोटीस पीरियड, कॉलेज ह्यात नको, कारण त्याच नियमांची तर परीक्षा घ्यायचीय.

दोघांचं "हो" आलं तर हो, दोघांचं "नाही" आलं तर नाही, फाटे फुटले तर तिसऱ्या सिनिअरकडे, आणि त्यालाही आधीच्यांचं मत सांगायचं नाही. एवढा खटाटोप का ते सांगतो. रिजेक्टमध्ये बहुतेक लोक खरंच न जुळणारे असतात. समजा २०० पैकी १९० तसे आहेत, आणि एकटा वाचणारा अशा लोकांपैकी शंभरात तिघांना चुकून हो म्हणतो, तर नुसत्या वाचणाऱ्याच्या चुकीनंच पाचसहा "सुटलेले चांगले" तयार होतात. एकूण सापडणारच जर दहापंधरा असतील तर निम्मा आकडा हवेतला होईल. दोघं जुळले पाहिजेत ही अट त्यासाठी आहे. अजून एक, दोघांची मतं किती जुळली ते सांगताना २४० पैकी २०४ जुळली, म्हणजे ८५%, असं सांगून समाधान मानू नका, कारण बहुतेक ठिकाणी दोघंही नाहीच म्हणत असतात. निदान एकानं हो म्हटलेल्या रेझ्युमेंपैकी किती ठिकाणी दुसऱ्यानंही हो म्हटलं ते बघा. तिथे निम्म्यातही जुळत नसेल तर तुमची हो ची व्याख्याच ढिली आहे, ती घट्ट करून पुन्हा वाचायला द्या.

आता निकाल. समजा २०० रिजेक्टपैकी १४ ना हो आलं आणि मिसळलेल्या ४० पैकी ३० ना हो आलं.

१४ भागिले २०० म्हणजे ७%. बहुतेक रिपोर्ट इथे थांबतात, "आपले ९३% रिजेक्शन बरोबर आहेत" अशी स्लाइड होते आणि विषय मिटतो. पण तुमच्या मॅनेजरनं विचारलंय की चांगले लोक सुटतायत का, आणि त्याचं उत्तर ह्या ७% मध्ये नाहीच. भागाकार बदलायला लागतो. १,८४० चे ७% म्हणजे अंदाजे १२९ योग्य माणसं रिजेक्टच्या ढिगात आहेत. पुढे गेलेल्यांत ४० पैकी ३० म्हणजे तीन चतुर्थांश, तर १६० पैकी अंदाजे १२०. एकूण योग्य माणसं झाली २४९ आणि त्यातली तुम्ही पकडली १२०, म्हणजे ४८%. अर्ज करणाऱ्या योग्य माणसांपैकी निम्म्याहून जास्त तुमच्या चाळणीतून खाली पडली. दोन्ही आकडे खरे आहेत, पण रिजेक्टचा ढीग इतका मोठा असतो की त्यातलं लहान प्रमाणसुद्धा पुढे गेलेल्या सगळ्यांना भारी पडतं. ९३% चा आकडा स्लाइडवर एकटा टाकूच नका, बाजूला ४८% पाहिजेच.

आणि दोन्ही बाजूंना मोजपट्टी एकच लावलीय हे लक्षात ठेवा. मी असंही बघितलंय की रिजेक्टला "रेझ्युमे बरा दिसतो" ही पट्टी लावतात आणि पुढे गेलेल्यांना "इंटरव्ह्यू पास झाला" ही, मग त्या दोघांची बेरीज करून टक्केवारी काढतात, त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. ४० मिसळायचं खरं कारण हेच आहे.

आकड्यासोबत त्याची रेंज द्या. २०० पैकी १४ साठी विल्सनच्या पद्धतीनं ९५% ची रेंज काढली तर ४.२% ते ११.४% येते, पायथॉनमध्ये एका ओळीत होतं:

```python
from statsmodels.stats.proportion import proportion_confint
proportion_confint(14, 200, method="wilson")
```

म्हणजे सुटलेली माणसं साधारण ७७ ते २१० च्या मध्ये कितीही असू शकतात, आणि पकडण्याचं प्रमाण ६१% पासून ३६% पर्यंत. रेंज रुंद आहे, आणि १६० पैकी १२० हा आकडा पण ४० च्या नमुन्यावरून आलाय त्यामुळे खरी रेंज अजून थोडी रुंदच. तरीही मॅनेजरसमोर ठामपणे सांगता येतं की सगळ्यात बरी बाजू धरली तरी दर पाच योग्य उमेदवारांतले जवळपास दोन जातायत.

खरी मजा पुढे आहे, ते १४ रेझ्युमे टेबलावर पसरून बघायचे. प्रत्येकासमोर लिहायचं की तो का पडला, आणि तीन प्रकार करायचे: नियमच चुकीचा होता, नियम बरोबर होता पण सिस्टीमनं रेझ्युमे चुकीचा वाचला, किंवा सगळं बरोबर होतं आणि माणसानं घाईत बाद केलं. तिन्हीवर इलाज वेगळे आहेत, म्हणून हे वर्गीकरण टक्केवारीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आपल्याकडे हमखास सापडणारा एक प्रकार सांगतो. "६०% थ्रूआउट" हा फिल्टर, म्हणजे दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे साठच्या वर. आता महाराष्ट्रात कितीतरी मुलं दहावीनंतर पॉलिटेक्निकला जातात, डिप्लोमा करतात आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला येतात. त्यांनी बारावी केलेलीच नसते. फॉर्ममध्ये बारावीचा रकाना रिकामा, सिस्टीम रिकाम्याला शून्य धरते, शून्य साठपेक्षा कमी, बाद! हाताला डिप्लोमापासूनच वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलची सवय असलेला मुलगा, एम्बेडेडला तर अशी मुलं फार उपयोगी पडतात, आणि तो रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडलेलासुद्धा नसतो. तीच गत सीजीपीएची, फॉर्ममध्ये उमेदवारानं ८.१ लिहिलं, तो दहापैकी आहे, सिस्टीमनं ८.१% वाचला. पहिल्यात रकान्याची मांडणी चुकली, दुसऱ्यात वाचन चुकलं, पण दोन्हीकडे कंपनीचा नियम मोडलेलाच नाहीये, ही माणसं नियमातही बसत होती.

दुसरा प्रकार शब्दांचा. सर्च अशी लावलेली असते:

```
"Embedded C" AND AUTOSAR AND CAN
```

एका रेझ्युमेत लिहिलेलं असतं की बेसिक सॉफ्टवेअरचं कॉन्फिगरेशन केलं, कम्युनिकेशन स्टॅकवर काम केलं, डाविंची कॉन्फिग्युरेटर वापरला. कुठल्याही एम्बेडेडवाल्याला विचारा, डाविंची वापरणारा माणूस ऑटोसारवरच काम करतोय हे तो डोळे झाकून सांगेल. पण ऑटोसार हा शब्द कागदावर नाही म्हणून गेला. आणि CAN ह्या शब्दावर तर अक्षरांची केस न बघणारी सर्च इंग्रजीतल्या साध्या can ला पण पकडते, म्हणजे जो गाळायला पाहिजे तो आत येतो आणि जो यायला पाहिजे तो बाहेर. शब्दांची यादी रिक्रूटरनं एकट्यानं बनवली की हे होतंच, त्या टीममधल्या इंजिनिअरला सोबत बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नोटीस पीरियडचं वेगळं धरा. ९० दिवसांची नोटीस असलेला चांगला माणूस सापडला तर ते चुकीचं रिजेक्शन आहे का, ह्याचं उत्तर जागा किती घाईची आहे त्यावर आहे, ते मॅनेजरनं ठरवायचं. आकड्यात त्याची वेगळी ओळ दाखवा, मुख्य आकड्यात मिसळू नका.

समजा १४ पैकी ५ जण ह्या थ्रूआउट फिल्टरचे निघाले. १,८४० पैकी ३१० लोक त्या फिल्टरनं गेले होते, म्हणजे नमुन्यात त्यांचे साधारण ३४ च रेझ्युमे आलेले असणार. ३४ पैकी ५ म्हणजे १५% च्या आसपास, बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त, पण ३४ वरून ठाम बोलता येत नाही. मग दुसरी फेरी फक्त त्या ३१० वर करा, उरलेल्यातून ६० रँडम काढा, त्याच पद्धतीनं वाचा. ११ सापडले तर १८%, रेंज साधारण ११% ते ३०%, म्हणजे एकट्या ह्या फिल्टरनं पन्नासएक योग्य माणसं घालवली, अगदी कमीत कमी धरली तरी तीसच्या वर. आता नियम बदलायला मॅनेजरसमोर पुरावा आहे. फक्त एक करू नका, पहिल्या फेरीचे १४ आणि ह्या फेरीचे ११ एकत्र करून २६० नं भागू नका. दुसरा नमुना मुद्दाम वाईट जागेवरून घेतलाय, तो मिसळला की एकूण आकडा उगाच फुगतो. एकूण आकडा पहिल्या फेरीचाच ठेवा, आणि दुसरी फेरी त्या फिल्टरपुरती वाचा.

ह्यापुढची एक पायरी जमली तर जरूर करा, त्या १४ जणांना फोन करून टेक्निकल राउंडला बोलवा. काही जणांनी एव्हाना दुसरीकडे जॉइन केलेलं असेल, समजा दहा जण आले आणि सहा पास झाले. नेहमीच्या मार्गानं आलेल्या १६० पैकी ९६ पास झाले असतील तर तेही ६०% च आहे, म्हणजे सुटलेली माणसं पकडलेल्यांपेक्षा कच्ची नव्हती. दहा माणसांवरून ह्यापेक्षा जास्त काही म्हणू नका. पण दहापैकी एकच पास झाला असता तर समजायचं की वाचणाऱ्यांचं "हो" फार सैल होतं आणि ती १२९ ची संख्या बरीच खाली आणायला पाहिजे. इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही कोण कुठल्या वाटेनं आलाय ते सांगू नका, नाहीतर "हा तर आधी रिजेक्ट झालेला" हे डोक्यात घेऊन तो बसतो.

ही पद्धत काय सांगत नाही तेही मॅनेजरला आधीच सांगून ठेवा. जाहिरातीतल्या अटी वाचून ज्यांनी अर्जच केला नाही ते ह्यात कुठेच येत नाहीत, आणि थ्रूआउट ६०% जाहिरातीत छापलेलं असेल तर डिप्लोमावाली बरीच मुलं तिथेच मागे फिरलेली असतात. दुसरं, रेझ्युमे नीट लिहिता न येणारा चांगला इंजिनिअर वाचणाऱ्या दोघांकडूनही सुटतोच, त्यामुळे तुमचा आकडा थोडा कमीच निघण्याची शक्यता आहे.

नियम बदलल्यावर पुढच्या तिमाहीत परत २०० वाचाल आणि १४ च्या जागी ८ सापडतील, तेव्हा "सुटणारे निम्म्यावर आले" असं लगेच जाहीर करू नका. २०० च्या नमुन्यात १४ आणि ८ एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. बदल कामाला आला का ते बघायचं असेल तर जो नियम बदलला तिथेच जाऊन मोजा: बारावीचा रकाना रिकामा असलेले किती अर्ज आले, त्यातले किती माणसाच्या नजरेपर्यंत पोचले, किती टेक्निकल राउंडला गेले आणि किती पास झाले. हे चार आकडे आधीच्या तिमाहीशेजारी ठेवले की फरक पडलाय की नाही ते मॅनेजरला रेंज न समजावताही दिसतं, कारण आधी त्यातला दुसरा आकडा जवळजवळ शून्य होता.